भिंतीच्या तळाचा दीड मिलिमीटर

थोरल्याचं लग्न झालं, त्याच वर्षी इंजिनियर सूनबाईच्या हाती इस्पितळाच्या तळघराचं काम आलं. आधीचं तिचं तळघर पहिल्याच वर्षी गळलं होतं. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, हेही गळलं तर तुझं साइटवर जाणं बंद, मग टेबलावर नकाशेच काढत बसायचं.

कंत्राटात घालायच्या अटी लिहून तिने मला वाचून दाखवल्या. वॉटरप्रूफिंगचा ब्रश मी तीस वर्षं धरला होता.

"लेप उत्तम दर्जाचा व समाधानकारक असावा."

"कुणाचं समाधान?" मी विचारलं. "कंत्राटदार तर पहिल्या दिवसापासून समाधानी असतो."

ती हसली, तिने ती ओळ खोडली. "बरं बाबा, हे घ्या. सुकल्यावर लेपाची सरासरी जाडी दीड मिलिमीटर."

"झालं! वर उभ्याने दोन मिलिमीटर मारायचे, खाली वाकायचा कंटाळा म्हणून एक. सरासरी दीड. आणि पाणी जोर करतं ते तळाशीच."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीच करायचो."

तिने तीही ओळ खोडली. मग लिहायला बसली. दर दहा चौरस मीटरला एक नमुना कापायचा. जागा इंजिनियर दाखवेल. निम्मे नमुने तळाच्या अर्ध्या मीटरातले. एकही दीडच्या खाली नको. कमी आला तर त्या जागेच्या अलीकडच्या काँक्रीटच्या जोडापासून पलीकडच्या जोडापर्यंतची सगळी भिंत पुन्हा लेपायची. नोंदीवर सही होईपर्यंत भिंतीमागे माती भरायची नाही.

कंत्राटदाराचा मुकादम निघाला लंबू, माझा जुना जोडीदार. माती भरायच्या दिवशी सूनबाईने मलाही साइटवर नेलं. ती भिंतीलगतच्या खड्ड्यात उतरली, गुडघे टेकले आणि भिंत जिथे फरशीला मिळते तिथे बोट ठेवलं. "इथे कापा."

कापलेला तुकडा मापकात धरला. नऊ दशांश.

लंबू म्हणाला, "बाई, वर दोनच्या पुढे आहे. सरासरी काढा ना!"

"अटीत सरासरी हा शब्दच नाही, काका. वाचा."

त्याने वाचलं. मग वर माझ्याकडे बघितलं. "घरभेद्या! ही चाल मला शिकवली कुणी?"

"मीच. म्हणून तर ती बंद करायचं कामही माझ्याकडेच आलं."

"आणि गुडघे माझे जाणार!"

कंत्राटदाराने फोनवर आरडाओरडा केला. सूनबाईने तीच अट त्याला पुन्हा वाचून दाखवली, एक अक्षर वाढवलं नाही. माती भरणारं यंत्र चार दिवस उभं राहिलं. लंबूने तळाचा पट्टा कुणावर सोपवला नाही, स्वतः बसून मारला. पुढचे नमुने कापले, सगळ्यांत कमी आला एक पूर्णांक सात. सूनबाईने सही केली.

तळघर कोरडं राहिलं, सूनबाई साइटवर राहिली. साहेबांनी त्या अटी पुढच्या सगळ्या कंत्राटांत जशाच्या तशा घातल्या.

लंबू त्यानंतर तीन वर्षांनी, माझी नात चालायला लागली त्या महिन्यात, हृदयविकाराने वारला.