पंचवीसला उणे पंधरा

सातपूरच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासून घ्यायचं काम जयरामभाऊंकडे होतं. एकोणीस वर्षं ते मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, गोष्टी करत आले होते. पण चार महिन्यांपूर्वी बायको, सुमन, गेली आणि तेव्हापासून आमटीत मीठ किती घालायचं, हे काही त्यांना एकदाही जमलं नव्हतं.

मागच्या महिन्यात त्यांनी नापास केलेलं एक मापाचं उपकरण, गेज, पुण्याच्या विक्रेत्याने 'ठीक आहे' असा शेरा मारून परत धाडलं होतं. साहेब म्हणाले होते, "जयराम, पुन्हा असं झालं तर तुम्ही स्टोअरला. तिथं नुसते नग मोजायचे."

आता त्याच विक्रेत्याकडून नवाकोरा मायक्रोमीटर आला होता. अचूक लांबीच्या प्रमाण ठोकळ्यांवर तपासला, तर चूक वाढतच गेलेली. चालते चार मायक्रॉनपर्यंत. ऑफिसातल्या टायपिस्ट वत्सलाबाईंनी विक्रेत्याला पत्र टाइप करून आणलं: १०.३ मिलिमीटरला उणे पाच, २०.२ ला उणे अकरा, २५ ला उणे पंधरा. तरी बदलून द्यावा.

"करा सही, भाऊ. साहेब वाट बघताहेत."

भाऊंनी आकडे वहीशी ताडले. वहीत प्रत्येक मापापुढे वेळ लिहायची त्यांची सवय. तीन मापांना पाऊण तास! मग आठवलं. सकाळी भाकरी करपली होती. मापं घेता घेता त्याच विचारात ते मायक्रोमीटर मुठीत धरून बसून राहिले होते. मुठीच्या उबेने त्याची चौकट फुगली, माप कमी दिसू लागलं, आणि जसा वेळ गेला तशी चूक वाढली.

"बाई, हे पत्र नको."

"तीन कार्बन लावलेत मी!"

"मायक्रोमीटरला ताप आलाय. माझाच."

दोन्ही सारखेच निवावेत म्हणून त्यांनी मायक्रोमीटर आणि ठोकळे चार तास एकाच लोखंडी पाटावर ठेवले. मग स्टँडला लावून, चौकटीला हात न लावता पुन्हा मापं घेतली. सगळी बरोबर निघाली असती तर साहेबांना तोंड दाखवायची सोय नव्हती. १०.३ ला उणे दोन, २०.२ ला उणे सहा, २५ ला उणे नऊ. नापासच, पण खरा नापास. नव्या पत्रात ते आकडे गेले, आणि खाली एक ओळ: 'मापे स्टँडवर, चार तास निवल्यावर घेतली आहेत.'

"पंधराचे नऊ झाले," वत्सलाबाई म्हणाल्या. "उरलेले सहा?"

"ते माझ्या नावावर. ते बदलून मिळत नाहीत."

आठवड्याने विक्रेत्याचा माणूस आला. त्यानेही स्टँडवरच मापलं. पंचवीसला उणे नऊ. त्याने बदली मायक्रोमीटर टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "जयराम, हाही तुम्हीच तपासा."

भाऊंनी तो स्टँडला लावला आणि हात पाठीमागे बांधून ते बाजूला उभे राहिले. वत्सलाबाईंनी आपल्या डब्यातली आमटी वाटीत ओतून पुढे केली. भाऊंनी चाखली. मीठ अगदी बरोबर होतं.