नकाशे कार्यालय पुरवेल

सल्लागाराच्या कार्यकक्षेचा मसुदा दुपारी सहीला जायचा होता, पण नगरपालिकेतल्या कनिष्ठ अभियंता बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. शहरातल्या रस्त्यांचा सविस्तर प्रकल्प अहवाल करणाऱ्या सल्लागाराला जमिनीखालच्या जलवाहिन्यांचे नकाशे कार्यालय पुरवेल, असं त्यात लिहिलं होतं. कार्यालयात नकाशे नव्हतेच. होते ते तिच्या सासऱ्यांच्या डोक्यात. त्यांनी तीस वर्षं शहराच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवले होते.

सकाळी तिनं विचारलं होतं, "मामंजी, बाजारातली मोठी लाइन कुठल्या बाजूला?"

"डाव्या," ते म्हणाले. चहा संपेपर्यंत डावीची उजवी झाली. मग ते हवेत बोटानं रस्ता आखून पाहू लागले.

तीनदा खुर्चीवरून उठबस करून ती शेवटी साहेबांसमोर उभी राहिली. "जलवाहिन्या सल्लागारानंच चाचणीचे खड्डे घेऊन शोधाव्यात, असं कलम घालू या."

"मुदत महिन्यानं वाढेल. वरून विचारतील."

"नाहीतर लाइन शोधायला नवा रस्ता आपणच फोडू, साहेब."

साहेबांनी जुनं कलम खोडून तिचं लिहिलं.

दुरुस्त मसुदा सहीला गेला, तरी सासरे उरलेलंही विसरतील या धास्तीनं तिला चैन पडेना. संध्याकाळी तिनं शहराचा नकाशा सासऱ्यांपुढे पसरला आणि त्यांच्या हातात पेन्सिल दिली.

"आठवेल तेवढंच काढा," ती म्हणाली.