खापराखालचा भडका

इंदुबाईची कंबर सकाळीच बोलायला लागली होती. सिंधीपुरा मोहल्ल्यातल्या या लग्नघरात पुरण वाटून झालं, कणीक तिंबून झाली, आणि चूल मात्र पेटायला तयार नाही. आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेला, अन् बाभळीची लाकडं कुणी आत घेतली नाहीत. कोण घेणार? लग्नघरात हुकूम सोडणारे चिकार, लाकडं उचलणारं कुणी नसतं.

मांडे करायचे म्हणजे खोल चूल, तिच्यावर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि खाली सारखा जाळ. इंदुबाई आणि तिची धाकटी जाऊ भागाबाई गावोगावच्या लग्नांत हेच काम करायच्या. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत भागा असा पसरवायची, की मांडा कोपरापर्यंत लोंबायचा तरी फाटायचा नाही. भागाच्या हातांवर दोघींचं घर चालत होतं. नवरे दोघींचे होते की, पण नुसते होते.

जाळ दोनदा लागला आणि दोनदा बसला. आता चुलीच्या तोंडातून नुसता पांढरा धूर येत होता. भागाचे डोळे लाल झाले होते.

"काकी, पंगत बैठने वाली है," नवऱ्या मुलाचा भाऊ प्रवीण म्हणाला. त्याच्या हातात गाडीतून काढलेल्या पेट्रोलची बाटली होती. "थोडंसं टाका ना, झट से पेटेल."

भागानं बाटली घेतली आणि जावेकडे पाहिलं. "ताई, घालू का?"

इंदुबाईला माहीत होतं, आग विझलेली नाही. धूर येतोय म्हणजे राखेखाली निखारा जिवंत आहे. ठाऊक असून काय उपयोग? पहाटेपासून उभी होती बिचारी. पुन्हा राख ओढा, पुन्हा काटक्या रचा, पुन्हा फुंका, एवढं बोलायचीही ताकद उरली नव्हती. तिच्या तोंडातून निघून गेलं, "घाल बाई. पण लांबून घाल."

लांबून! पेट्रोल काय अंतर मोजून पेटतं? भागानं हात लांब करून धार सोडली. क्षणभर काहीच झालं नाही. पेट्रोल तापल्या लाकडांवर पडून त्याची वाफ झाली, आणि वर खापराचं झाकण असल्यामुळे ती वाफ आतच कोंडली. "विझलीच गं ही," म्हणत भागानं वाकून पुन्हा बाटली तिरपी केली.

तेवढ्यात खालच्या निखाऱ्यानं जीभ काढली.

भप्प! सगळा जाळ चुलीच्या तोंडातून बाहेर आला, धारेवरून चढत बाटलीत शिरला. दचकून भागानं बाटली झटकली आणि उरलेलं पेट्रोल तिच्याच हातांवर सांडलं. दोन्ही हात कोपरापर्यंत पेटले. ती पळायला निघाली.

"पळू नको! खाली पड!" इंदुबाई ओरडली. कणकेवर झाकलेलं ओलं धोतर ओढून तिनं जावेच्या हातांवर घट्ट दाबलं, जाळ विझेपर्यंत दाबून धरलं. मग बांगड्या काढून हात नळाखाली धरले. कुणीतरी टूथपेस्ट आणली. "काही लावू नका, नुसतं पाणी!" ती खेकसली. प्रवीण रडत रडत रिक्षा आणायला धावला.

रिक्षा इतवाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत अडकून उशिरा आली. तोवर अंगणात पडलेलं पेट्रोल जळून गेलं, चूल पुन्हा गप्प झाली. भागाला घेऊन प्रवीणची आई गेली, इंदुबाईलाही जायचं होतं, पण घरधनी हात जोडून उभा राहिला. शंभर माणसं पाटावर.

तिनं शिव्या घालत राख ओढली, हवेला वाट केली. कुऱ्हाडीनं बाभळीची ओली साल सोलून आतलं कोरडं लाकूड चिरलं. गोठ्यातून केळीची वाळलेली पानं आणि कपाशीच्या पऱ्हाट्या आणल्या. खाली पानं, वर पऱ्हाट्या, त्यावर बारीक चिरफळ्या, मध्ये मोकळी जागा. एक काडी ओढली. फुंकणीनं हळूहळू फुंकलं. पऱ्हाट्यांनी आवाज केला आणि जाळ लागला. मग जाड लाकडं एकेक करून सारली. एवढंच होतं. एवढ्यासाठीच तिनं कंटाळा केला होता.

जेवणं उरकून ती दवाखान्यात गेली. भागाचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. इंदुबाईनं मांड्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला.

"जाड झालाय," भागा म्हणाली.

"मीच केला."

भागा चावत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "ताई, डॉक्टर काय म्हणतात? बोटं हलतील ना?"

"हलतील म्हणतात. पण कातडी आखडेल, म्हणतात." इंदुबाईनं तिचे ओठ पदरानं पुसले. "भागा, तू मला विचारलंस, आणि मी हो म्हटलं."

भागानं मान दुसरीकडे वळवली. पुढचा घास तिनं घेतला नाही.