टेबलाच्या उजव्या टोकाला

शिष्यवृत्तीच्या निबंधात भिंगरीने आईला पानोपानी रडवलं होतं. अश्रूंचे पूर, दारिद्र्याचा काळाकुट्ट अंधार, सगळं साग्रसंगीत. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच, असले निबंध कसे लिहितात हे विचारणार कुणाला? तिने आपलं ठरवून टाकलं, वाचणाऱ्याचा रुमाल भिजला की शिष्यवृत्ती खिशात. ती मिळाली नाही तर कॉलेज सोडून लाँड्रीत आईच्या शेजारी उभं राहायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी वाचून दाखवल्यावर आईचं तोंड एवढंसं झालं.

"मी इतकी रडते होय गं?"

भिंगरी ओशाळली आणि निबंध घेऊन कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंकडे गेली. बाई स्वतः एक शब्दही लिहून देत नसत, फक्त पेन्सिलीने काट मारत. पहिलं पान बघता बघता साफ झालं.

"यात तू कुठेच दिसत नाहीस. अभ्यास कुठे करतेस?"

"आईच्या इस्त्रीच्या टेबलावर."

"कसा?"

मग काय, भिंगरीची गाडी सुटली. डाव्या टोकाला आई, उजव्या टोकाला ती. मोठी चादर आली की वह्या मांडीवर, पुढचं गणित डोक्यात. घडी झाली की वह्या पुन्हा वर. थंडीत त्या ऊबदार टेबलावर हात टेकायला धाकट्या भावाशी मारामारी.

"अगं, मग हे का नाही लिहिलंस?"

"त्यात काय लिहायचं? हे तर रोजचंच!"

"तेच लिही," बाई म्हणाल्या. "रडायचं की नाही ते वाचणारा बघून घेईल."

संध्याकाळी भिंगरी टेबलाशी बसली आणि भराभर लिहीत सुटली. शेवटच्या परिच्छेदाशी अडली म्हणून मान वर केली, तर आई हातात ओलसर चादर धरून नुसतीच उभी.

"टाक ना, वह्या उचलते."

"तुझं वाक्य होऊ दे की. नेहमी थांबतेच मी."

नेहमी! इतकी वर्षं समोर बसून भिंगरीला हे दिसलंच नव्हतं. पण तिने निबंधात अश्रूबिश्रू काही आणले नाहीत. आई चादर धरून उभी राहते आणि माझं वाक्य पुरं झालं की मगच पसरते, एवढंच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी एकच गोष्ट विचारली, चादर किती जड असते? "ओली असली की बरीच," भिंगरी म्हणाली.

शिष्यवृत्ती मिळाल्याचं तिने धावत येऊन सांगितलं, तेव्हा आईने आधी इस्त्री नीट उभी करून ठेवली. मग गिऱ्हाइकाच्या घडी केलेल्या चादरीत तोंड खुपसून ती खरोखरच ढसाढसा रडली.

"ए," थोड्या वेळाने चादर पुन्हा टेबलावर पसरत ती म्हणाली, "हे मात्र कुठे लिहायचं नाही हं."