पाच शर्टांची यादी

टेलरमास्तर रोज सकाळी दुकान उघडलं की यादी लिहायचे: आज पाच शर्ट. संध्याकाळपर्यंत एक व्हायचा, दुसरा बाह्यांवाचून लटकत असायचा. अक्षर मात्र मोत्यासारखं, हे मानायलाच हवं.

आज बायकोने पेन हिसकावून घेतलं. "एका शर्टाला किती वेळ लागतो?"

"तीन तास."

"म्हणजे पंधरा. दुकान उघडं असतं आठ तास. उरलेले सात काय माझ्या माहेरून आणू?"

तिने पुढे लिहिलं: मापं घेणे, एक तास. गिऱ्हाइकांना थापा मारणे, एक तास.

"थापा कशाला लिहितेस?"

"रोज न चुकता होणारं तेवढं एकच काम आहे!"

उरले सहा तास, म्हणजे दोन शर्ट. बाकीचे तीन तिने खोडले, तेव्हा मास्तरांचा जीव तीळतीळ तुटला.

तेवढ्यात खोडलेल्या एका शर्टाच्या मालकाचा फोन आला. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं, "आज नाही होणार. परवा या."

पलीकडून रडवेला आवाज आला, "मास्तर, तुम्ही 'आज' म्हणालात की आठवडा लागतो. 'परवा' म्हणजे काय म्हातारपणी घालू?"