चार माणसांची टाकी

गवंडी पहिल्यांदा आला तेव्हा दारातच त्याने विचारलं, "काका, घरात माणसं किती?"

"चार," मी म्हणालो.

खोटं होतं. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा आणि सून विमानाच्या अंतरावर. पण परक्या माणसापुढे "एकटाच" म्हणायला जीभ रेटेना.

बायकोने लावलेलं लिंबू वाळत होतं. नळाला जेमतेम तासभर पाणी, त्यात झाडाला काय घालणार? म्हणून न्हाणीचं आणि कपडे धुतल्याचं पाणी वापरायचं ठरवलं. लिंबू मला जगवायचंच होतं. घरात बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

गवंड्याने चार माणसांच्या हिशेबाने साडेतीनशे लिटरची टाकी बांधली. तोंडाशी जाळी. आत माती तळाला बसणार, साबणाची साय वर तरंगणार, मधलं पाणी पुढच्या कप्प्यात खडी-वाळूतून झिरपून लिंबाच्या आळ्यात जाणार. "स्वयंपाकघराचं पाणी सोडू नका, तेलकट असतं," एवढं बजावून तो गेला.

पंधरा दिवसांत टाकीला असा वास सुटला की शेजारीण खिडकी लावून घेऊ लागली. आळ्यात काळं पाणी उतरलं, लिंबाची पानं पिवळी पडली. मी गवंड्याला फोनवर यथेच्छ झापलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

तो आला, झाकण उचललं, नाक दाबलं. मग जाळी काढून उन्हात धरली.

"काका, चार माणसं अंघोळ करतात आणि जाळीत केस एकसुद्धा नाही?"

मला टक्कल आहे. एरवी मीच त्यावर विनोद केला असता.

"रोज किती बादल्या पाणी येतं? खरं सांगा."

"दोन. कपडे आठवड्यातून एकदा."

त्याने जाळी खाली ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे एका दिवसाचं पाणी आठ-नऊ दिवस आत पडून राहतं," तो हळू आवाजात म्हणाला. "हे पाणी दिवसाच्या आत पुढे गेलं पाहिजे, नाहीतर सडतं. टाकी उपसतो, वाळू धुतो, आत आडवी भिंत घालून जागा लहान करतो. लिंबू वाचेल."

दुपारभर तो विटा रचत होता. मी त्याच्याशी लिंबाबद्दल, परदेशातल्या मुलाबद्दल उगाच काहीबाही बोलत बसलो, कारण तो गेल्यावर बोलायला कुणी नव्हतं. भिंत पुरी व्हायला आली तसा तो थांबला.

"सुट्टीत येतात ना मुलं? वरचे दोन थर नुसते रचून ठेवू का? आली की ते काढून टाकी पुन्हा मोठी करता येईल."

मुलाचा शेवटचा फोन कधी आला होता ते मी आठवून पाहिलं. आठवेना.

"नको," मी म्हणालो, "सिमेंट लाव."