बाबांची सहाची वेळ

लेकीच्या केसांची गुंतवळ न्हाणीघरात दिसली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे लाओ फूंनी ओळखलं. तीस वर्षं बाओ, म्हणजे सारण भरलेले वाफवलेले पाव, विकणाऱ्या माणसाला कुठली गोष्ट वेळेआधी शिळी होतेय ते लगेच कळतं. पण बोलायला सुरुवात करणं त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून ते भलतंच विचारून बसले.

"रुई, तो शेजारचा पोरगा म्हणतो, 'मी आडवा पडलोय'. आजारी आहे का?"

रुईछिंगने कांजीचा वाडगा खाली ठेवला. राजीनामा तीन आठवडे तिच्या मोबाइलमध्ये लिहून पडला होता. वडील रविवारी गावी परतायच्या आत तो त्यांना सांगायचा होता, आणि तेच तर होत नव्हतं. 'माझी लेक हांगचौला विभागप्रमुख होणार' हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

"आजारी नाही, बाबा. घर नको, लग्न नको, बढती नको. पोटापुरतं कमवायचं आणि शर्यतीतून बाजूला व्हायचं. याला आडवं पडणं म्हणतात."

"म्हणजे आळशी!"

"आळशी कसा? दमलेला. कामावर गुपचूप मोबाइल बघत वेळ काढतात, ते 'मासे चाचपणं'. मुद्दाम सगळं सडू देतात, ते 'सडवणं', ते वेगळं. आणि आमच्यासारखे सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, ते 'नऊ-नऊ-सहा'. स्वतःला आम्ही बैल-घोडे म्हणतो."

"नावं बरी शोधलीत. कामं कधी करता?"

रुईला हसू आलं आणि त्या हसण्यातच बांध फुटला. "सगळ्यांचं मूळ एकच, बाबा. 'आतल्या आत गुंडाळत जाणं'. शुक्रवारचा अहवाल आधी एका पानाचा होता. माझ्याच विभागातल्या वन खशिनने चार पानं दिली, मग मी आठ. आता ती तीस देते, मी अठ्ठावीस. साहेब पहिलंच पान वाचतात. काम तेवढंच, पगार तेवढाच, बढतीची जागाही एकच. साहेब उठत नाहीत म्हणून आम्ही उठत नाही. आठनंतर जेवण फुकट, नऊनंतर टॅक्सी फुकट, म्हणून सगळे नऊपर्यंत बसतात. मला जमत नाही आता. राजीनामा लिहिलाय."

लाओ फू लालबुंद झाले. "आणि मी गल्लीत काय तोंड दाखवू?" एवढं म्हणून ते खिडकीपाशी गेले. रुईने उगाच वाडगे विसळले.

"तू अकरा वर्षांची होतीस," ते पाठमोरेच म्हणाले. "समोरच्या बाओवाल्याने, लाओ च्या त्याचं नाव, सहाऐवजी साडेपाचला दुकान उघडलं. मी पाचला. तो साडेचारला, मी चारला. त्याने बाओला मोदकासारख्या अठरा कळ्या पाडल्या, मी चोवीस. वर्षभर हे. गिऱ्हाईक तेच! शाळेची पोरं आणि गिरणीच्या बाया. त्यांची पोटं काही वाढली नाहीत. एका पहाटे तो झोपेने डुलला आणि त्याचा हात वाफेत गेला. मलम घेऊन मी गेलो, तर तो रडत म्हणाला, मी तुझ्यामुळे लवकर उठतो. मी म्हणालो, अरे गाढवा, मी तुझ्यामुळे!"

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून दोघंही सहाला. गिऱ्हाईक तेवढंच आलं. तुझ्या आईला मात्र सांगितलं की पीठ उशिरा येतं." ते वळले. "तुझा लाओ च्या कोण? ती वन?"

"ती तर वैरीण!"

"बोललीस कधी तिच्याशी?"

तीन वर्षांत रुई कामाव्यतिरिक्त तिच्याशी अक्षर बोलली नव्हती. गुरुवारी ती डब्यात बाबांचे बाओ घेऊन वनच्या टेबलापाशी गेली. वनने आधी डब्याकडे संशयाने पाहिलं. दुसरा बाओ संपता संपता तिचे डोळे भरले. "तू अठ्ठावीस करतेस म्हणून मी तीस करते गं. मला तर तक्ते काढताच येत नाहीत, नवरा काढून देतो."

शुक्रवारी दोघींनी एकेक पान पाठवलं. साहेबांचं नेहमीचंच उत्तर आलं, 'मिळालं', शेजारी वर केलेला अंगठा. बस्स.

सहाच्या ठोक्याला दोघी उठल्या. खोलीभर माना वर झाल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग हळूच स्वतःचा मोबाइल खिशात टाकला आणि छत्री शोधू लागले.

रुईने वडिलांना नऊ वाजता या असं सांगितलं होतं. पण ऑफिसच्या फाटकापाशी ते सहालाच उभे होते, हातात गरम बाओची पिशवी घेऊन.

"बाबा! एवढ्या लवकर? तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं कुठे?" ते म्हणाले. "नऊपर्यंत उभा राहिलो असतो. पण आपल्या घरात सहाची वेळ ठरलीय ना."